चौकाची पाटी आणि तीन ओळींची मागणी

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, गिरगावात टपाल वाटण्यात माझी नोकरी गेली. सॉर्टिंगच्या टेबलावर नवा मुलगा आला की पहिले काही दिवस त्याच्याकडून जोड्या पाठ करून घ्यायचो. लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे शामळदास गांधी मार्ग. पत्रावर कधी हे असायचं, कधी ते.

फणसवाडी, मुगभाट, ठाकूरद्वार ही नावं कुठल्या समितीने दिली नाहीत. माणसांची नावं रस्त्यांना लागली ती बहुतेक नंतर. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड त्यातलाच, आणि सँडहर्स्ट हे तेव्हाचे गव्हर्नर. ज्याची सत्ता त्याची पाटी. स्वातंत्र्यानंतर पाट्या बदलल्या ते योग्यच झालं. पण पाटी बदलली म्हणून तोंडातलं नाव बदलत नाही. सुटे भाग घ्यायला येणारा आजही लॅमिंग्टन रोडच विचारतो. जी नवी नावं रुळली त्यांची आद्याक्षरं झाली: जे.एस.एस. रोड, एस.व्ही.पी. रोड, डी.एन. रोड. मुंबईच्या उभारणीत एवढा वाटा असलेले नाना शंकरशेठ 'जेएसएस' झाले, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या पोरांना ही अक्षरं कुणाची ते सांगता येत नाही.

आता चौकांकडे येतो, कारण खरी गर्दी तिथे आहे. रस्त्याचं नाव बदललं तर शेकडो लोकांचे पत्ते बदलतात आणि ओरड होते. चौकात मात्र कुणाचा पत्ता नसतो. त्यामुळे चौक हा पालिकेच्या हातातला सगळ्यात स्वस्त सन्मान आहे. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३२७ प्रमाणे रस्त्याचं वा सार्वजनिक जागेचं नाव आयुक्त ठरवतात, महापालिकेच्या मंजुरीने. प्रत्यक्षात सुरुवात होते नगरसेवकाच्या पत्राने. वॉर्ड ऑफिस बघतं की जागा पालिकेचीच आहे ना, तिला आधी नाव दिलेलं नाही ना. मग प्रस्ताव प्रभाग समितीत, तिथून स्थापत्य समितीत. पुण्यात या कामाला वेगळी नाव समितीच आहे.

या तपासणीत जागेची कागदपत्रं बघितली जातात, पण माणसाची किती? प्रस्तावात 'ज्येष्ठ समाजसेवक' एवढं असलं तरी चालतं. विरोध करणार कोण? समोरच्या सदस्याचाही एक चौक रांगेत असतो. तू माझ्यासाठी हात वर कर, मी तुझ्यासाठी करतो. म्हणून या विषयावर मतभेद फक्त फार मोठ्या नावांवर होतात. लहान नावं एकमताने जातात. आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावरही अशीच निळी पाटी आहे. त्या गृहस्थांबद्दल चार दुकानांत विचारलं. पानवाला म्हणाला, "असतील कोणीतरी नगरसेवकाचे." मी त्या बीटवर बरीच वर्षं काढली, तरी मलाही त्याहून जास्त ठाऊक नाही.

उलट फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक बघा. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला तो तिथेच. स्मारक तिथेच उभं आहे. फाउंटन म्हणणारे अजून आहेत, पण हुतात्मा चौक म्हटलं की कुणाला फोड करून सांगावं लागत नाही, कारण नाव त्या जागेवर घडलेल्या गोष्टीचं आहे.

नावं बदलूच नयेत असं माझं म्हणणं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. 'महारवाडा' असा पत्ता लिहावा लागणाऱ्याला विचारा, तो निर्णय किती उशिरा आला ते. पण तिथे बदलाचं कारण होतं, आणि ते सांगता येत होतं.

म्हणून मागणी एवढीच, की नामकरणाच्या प्रस्तावात तीन ओळी सक्तीच्या करा. ही व्यक्ती कोण, तिचा या जागेशी संबंध काय, आणि लोक या जागेला आज काय म्हणतात. या तीन ओळी मंजुरीआधी महिनाभर त्याच चौकात लावा, हरकती तिथल्या रहिवाशांकडून मागवा, आणि मंजूर झालं तर पहिली आणि तिसरी ओळ पाटीवरच लहान अक्षरांत छापा. दुसरी ओळ कोरी राहिली, तर प्रस्ताव तिथूनच परत पाठवावा.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, गिरगाव