बाबांचं व्याज आणि आयकराचा मेसेज

16 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही तीनदा म्हणालात, "मी काही लपवलेलं नाही." ते मला माहीत आहे. पण फोनवर आकडे सांगितले की तुम्ही मधेच दुसरा कागद शोधायला जाता, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

तुम्हाला जे आलंय ती कराची मागणी नाही. त्यात भरायची रक्कम नाही की दंड नाही. तुमच्या रिटर्नमधलं व्याज आणि बँकांनी तुमच्या पॅनवर कळवलेलं व्याज जुळत नाही, ते तपासा, एवढंच त्यात म्हटलंय. मेसेजमधल्या लिंकवर मात्र मी बोट लावलं नाही, तुम्हीही लावू नका. थेट incometax.gov.in वर लॉगिन करून तुमचं एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कळवलेल्या नोंदींचं वार्षिक पत्रक, उतरवून घेतलं. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, मधे टिंब-रेघ काही नाही.

तुम्ही 2024-25 च्या रिटर्नमध्ये व्याज दाखवलंत 1,38,000. बँकांच्या नोंदींप्रमाणे ते 2,18,300. फरक 80,300 रुपयांचा. तुमच्या पासबुकात तुम्ही लाल पेनने खुणा करून केलेली बेरीज मी पुन्हा केली. ती अगदी बरोबर आहे. चूक अशी की जे पासबुकात उमटतच नाही, ते तुमच्या बेरजेत कुठून येणार?

एप्रिल 2024 च्या सुरुवातीला तुम्ही 7 लाखांची पाच वर्षांची एफडी केलीत, 7.4 टक्क्यांची. ती क्युम्युलेटिव्ह आहे, म्हणजे व्याज खात्यात न येता मुद्दलात मिळत जातं. तुम्ही म्हणाल, हातात आलं नाही ते उत्पन्न कसलं? पण बँक दरवर्षी 31 मार्चला त्या वर्षाचं व्याज हिशोबात धरते आणि कळवते. ते 52,900 आहे. टीडीएस कापू नका म्हणून बँकेला 15एच फॉर्म दिला असल्यामुळे तो कापला गेला नाही, म्हणून तुम्हाला सुगावाही लागला नाही. 15एचने फक्त कपात थांबते, नोंद थांबत नाही. आणि मुदत संपल्यावरच दाखवू म्हणाल, तर पाचही वर्षांचं व्याज, तीन लाखांच्या वर, एकाच वर्षाच्या उत्पन्नात येईल. शिवाय बँकेच्या नोंदीत त्या वर्षी फक्त त्याच वर्षाचं व्याज असेल, म्हणजे पुन्हा आकडे जुळणार नाहीत. तेव्हा दरवर्षीचं दरवर्षी दाखवलेलं बरं.

दुसरे 5,400 बचत खात्याच्या व्याजाचे. दर तिमाहीला तेराशे-चौदाशे जमा होतात, ते तुम्ही किरकोळ म्हणून सोडलेत.

उरले 22,000. आई, हे तुझे आहेत. आजोबांनी तुला दिलेल्या पैशांची ती जॉइंट एफडी आठवते? तिच्यावर पहिलं नाव बाबांचं आहे, आणि बँक सगळं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते. पैसा तुझा, तर व्याजही तुझंच. (पैसा बाबांनी दिलेला असता, तर नाव कुणाचंही असो, ते व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं.) म्हणून एआयएसमधल्या त्या नोंदीवर मी `Information relates to other PAN/Year` हा पर्याय निवडून तुझा पॅन टाकणार आहे. बँकेला विचारणा होईल. एफडी तुझ्या खात्यातूनच झाली होती, तेव्हाचं पासबुक कपाटात वरच्या कप्प्यात आहे, ते काढून ठेव.

एक गंमत सांगते, नाहीतर बाबा स्वतः एआयएस उघडतील आणि पुन्हा दचकतील. टीडीएस कापलेल्या एफडीचं व्याज तिथे दोन जागी दिसतं, एकदा टीडीएसच्या भागात आणि एकदा बँकेच्या वार्षिक माहितीत. दोन्हींची बेरीज करायची नसते. शेजारच्या टीआयएसमध्ये, म्हणजे याच नोंदींच्या गोषवाऱ्यात, ही दुबार नोंद दुरुस्त होऊन येते, मी आकडा तिथलाच घेतला आहे.

आता बाबांचं व्याज 1,96,300 ठरतं. पेन्शन 4,80,000, त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट, म्हणजे एकूण उत्पन्न 6,01,300. नव्या पद्धतीत 2024-25 साठी 7 लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो, आधीही शून्यच होता. तरी सुधारित रिटर्न भरायचंच, कारण चुकीचा आकडा तुमच्या सहीने गेला आहे. मुदत 31 डिसेंबर 2025 आहे. आईचं इतर उत्पन्न नगण्य असल्याने तिला रिटर्नची गरज पडत नाही.

बाबा, मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि भरल्याची तारीख मला लागेल. तुमच्या निळ्या फायलीत सगळ्यात वर आहे ती पावती. फोटो नीट येत नसेल तर आईला काढायला सांगा. ओटीपी आला की मला कळवा, दुसऱ्या कुणालाही नाही. भरल्यानंतर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, ते आपण त्याच बैठकीत उरकू. रविवारी सकाळी दहा वाजता फोन करते.

तुमची,
ताई