चवथ हुकली ती सहा महिन्यांच्या अटीमुळे

महोदय,

माझा मुलगा दुबईत नोकरी करतो. तिथला त्याचा रेसिडेन्स व्हिसा दोन वर्षांचा, तोही कंपनीच्या नावावर चालणारा. यंदा तो सप्टेंबरात संपत होता आणि पासपोर्ट डिसेंबरात. आम्हाला वाटले, अजून भरपूर वेळ आहे. पण व्हिसा वाढवायला पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी लागते, हे ऑगस्टमध्ये कंपनीच्या माणसाने सांगितले. म्हणजे आधी नवा पासपोर्ट, मग कंपनीचा अर्ज, मग वैद्यकीय तपासणी, मग एमिरेट्स आयडी. एक अडले की पुढचे सारे अडते.

चवथीचे तिकीट काढलेले होते, ते रद्द केले. इथे माटोळी बांधताना बायको दर तासाला फोन बघत होती. तो मात्र ‘काही नाही, होईल’ एवढेच म्हणायचा. झोप लागत नव्हती, हे नंतर कळले.

खरे तर भारतीय पासपोर्ट मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाला देता येतो. मुलगा मे महिन्यात इथेच सुट्टीवर होता! तेव्हाच पणजीत अर्ज केला असता तर हे टळले असते. आखातात घरचे माणूस असलेल्यांनी व्हिसाची तारीख बघताना पासपोर्टचीही बघावी. आणि पंचायतीने परदेशी नोकरदारांसाठी अशी माहिती फलकावर लावावी, ग्रामसभेच्या नोटिशीशेजारी जागा असते.

एक पालक, डिचोली