विषय: पीईटीजी रिळावरची चुकीची लांबी आणि रिकाम्या रिळाचे न छापलेले वजन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनशी आत्ताच बोलून झाले, म्हणून हे लेखी देत आहे.

प्रश्न साधा होता. वापरात असलेले तुमचे पीईटीजीचे रीळ काट्यावर 512 ग्रॅम भरले. स्लायसरप्रमाणे पुढच्या प्रिंटला 104 मीटर, म्हणजे सुमारे 318 ग्रॅम फिलामेंट लागणार होते. रिकाम्या रिळाचे वजन तुम्ही कुठेच छापत नाही, म्हणून विचारले. उत्तर आले, "सर, 150 ग्रॅम धरा." पुठ्ठ्याचे की प्लॅस्टिकचे, असे विचारल्यावर, "सगळी सारखीच असतात." मग घनता विचारली, तर तुमचा माणूस म्हणाला, "वीस टक्के ठेवा, मजबूत येतं." मी प्लॅस्टिकची घनता विचारतोय आणि तो इनफिल सांगतोय! हे समजावून सांगितल्यावर म्हणे, "रीळ बघा ना, निम्म्याच्या आसपास दिसतंय, होऊन जाईल." फिलामेंट विकणाऱ्या कंपनीने ग्राहकाला रीळ डोळ्यांनी मोजायला सांगावे?

150 धरून 362 ग्रॅम, म्हणजे 118 मीटर शिल्लक दिसत होते. प्रिंट 90 मीटरच्या आसपास बंद पडले. रिकामे रीळ मोजले तर 235 ग्रॅम. ते प्लॅस्टिकचे होते. खरा हिशोब असा:

```
L = 4 × m / (π × d² × ρ)
m = 512 − 235 = 277 g
d = 1.75 mm, ρ = 1.27 g/cm³
L ≈ 90.7 m
```

वजन ग्रॅममध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये घेतला की उत्तर थेट मीटरमध्ये येते. रिळाच्या वजनातली 85 ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ 28 मीटर. व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे तुम्ही छापलेल्या ±0.05 मिमी फरकाने उत्तर 6 टक्क्यांपर्यंत हलते. तेवढे गृहीत धरून थोडे जास्तीचे ठेवता येते. रिळाचे वजनच चुकीचे सांगितले तर काय ठेवणार?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. लेबलवर 1 किलो आणि 335 मीटर छापले आहे. हा आकडा पीएलएचा आहे, घनता 1.24 धरून. 1.27 घनतेच्या पीईटीजीचे एका किलोत 327 मीटरच होतात. 335 मीटर हवे असतील तर 1,023 ग्रॅम माल द्यावा लागेल. तेच लेबल सगळ्या मालावर चिकटवले जाते, हे उघड आहे.

वाया गेलेल्या 277 ग्रॅम मालाची भरपाई द्या. प्रत्येक रिळावर रिकामे वजन आणि त्या मालाची घनता छापा. पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकचे रीळ वापरायचे असेल तर खुशाल वापरा, पण त्याचे वजन छापा. आठ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि लेबलच्या फोटोसह वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार जाईल. तुमच्या फिलामेंटचा दर्जा चांगला आहे, म्हणूनच इतकी वर्षे घेत आलो. त्यामुळे जास्तच वाईट वाटते.

आपला ग्राहक