चिनूच्या बीजगणिताच्या पेपरासाठी

प्रिय सुमन,

काल फोनवर म्हणालीस, चिनूच्या वर्गातल्या मुलांसाठी मोबाइलवर सरकवत बघायची चार-पाच कार्डं करायची आहेत, तर परीक्षेच्या दिवसाचं काय लिहू? मी बोर्डाच्या दहावीच्या बीजगणिताच्या पेपरापुरतंच सांगते. इतकी वर्षं पर्यवेक्षण करताना आणि पेपर तपासताना हाच पेपर जवळून पाहिलाय. ४० गुण, दोन तास, आणि शेवटी जादाची १० मिनिटं. म्हणजे ११ वाजता सुरू, १ वाजून १० मिनिटांनी संपला.

आदल्या रात्री नवा उदाहरणसंग्रह उघडायचा नाही. एका कागदावर स्वतःच्या हाताने सूत्रं लिहायची: tn = a + (n − 1)d, विवेचक b² − 4ac, मध्यक आणि बहुलकाची सूत्रं. न बघता लिहिता आली की झोपायचं. जे आठवलं नाही, तेवढंच सकाळी पुन्हा पाहायचं. हॉल तिकीट, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी हे रात्रीच पारदर्शक पाऊचमध्ये जाऊ दे. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ हवं, कारण स्मार्टवॉच आत चालत नाही आणि वेळ तर सतत बघायची आहे. कॅल्क्युलेटरही नसतो, तेव्हा पाढे आणि भागाकार हातानेच.

वर्गात साडेदहालाच जायचं. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत लिहिताना हॉल तिकीट समोर ठेवून एकेक आकडा जुळवायचा. प्रश्नपत्रिका हातात आली की आधी विषय, भाग आणि माध्यम बरोबर आहे ना, पानं पूर्ण आहेत ना, ते बघायचं.

आता वेळेचं. सुमे, मुलं इथेच मार खातात, म्हणून हे कार्ड मोठ्या अक्षरात कर. पहिला प्रश्न आठ गुणांचा, तो सव्वाअकरापर्यंत संपायला हवा. त्यातल्या बहुपर्यायी प्रश्नांत पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं, म्हणून आधी कच्चं काम मागच्या पानावर करायचं आणि मगच पर्यायाचं अक्षर उत्तरासह लिहायचं. दुसरा प्रश्न १२ गुणांचा, तो ११.५० पर्यंत. नऊ गुणांचा तिसरा १२.२० पर्यंत, आठ गुणांचा चौथा पाऊण वाजेपर्यंत आणि तीन गुणांचा पाचवा त्यानंतर दहा मिनिटांत. म्हणजे १२.५५ ला पंधरा मिनिटं हातात राहतात, राहून गेलेलं पूर्ण करायला आणि ताळा घ्यायला. कृतीच्या प्रश्नात चौकटी भरणं सोपं असतं, पण सगळी कृती उतरवून काढण्यात वेळ जातो. ती सुबक अक्षरात काढत बसू नये.

मागे एका मुलीचं झालं ते सांगते. चौथ्या प्रश्नात शाब्दिक उदाहरण होतं, साधारण असं: दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते. तिने दशकस्थानी x, एककस्थानी y मानलं, पण संख्या लिहिली x + y आणि उलटी संख्या y + x. वजाबाकी केली तर 0 = 27 आलं. तिथेच थांबायला हवं होतं. 0 = 27 म्हणजे आपण मांडणीतच चुकलोय, आकडेमोडीत नव्हे. पण ती पंचवीस मिनिटं आकडेमोड तपासत बसली. खरं तर संख्या 10x + y, उलटी 10y + x; फरक 9y − 9x = 27, म्हणजे y − x = 3, आणि x + y = 9 शी जोडलं की x = 3, y = 6. संख्या ३६. ताळा, 63 − 36 = 27. नंतर घरी तिने तीन मिनिटांत सोडवलं, पण त्या दिवशी पाचवा प्रश्न कोराच राहिला, आणि तो तिला येत होता. आजही मला त्याची चुटपुट आहे.

म्हणून चिनूला सांग, पाच मिनिटांत समीकरण उभं राहिलं नाही, तर अर्धं पान मोकळं सोडायचं, समासात पेन्सिलीने खूण करायची आणि पुढे जायचं. सोडण्याआधी मानलेली चलं आणि जमलेलं पहिलं समीकरण मात्र लिहून ठेवायचं, कारण गणिताला टप्प्याटप्प्याने गुण असतात. तेवढ्याचा अर्धा-एक गुण आम्ही कापत नाही. आणि 'कोणतीही दोन' म्हटलं तर दोनच सोडवायची. जास्तीचं एखादं करायचंच असेल, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत.

कार्डं झाली की मला पाठव, वेळांचे आकडे एकदा मी तपासून देईन. चिनूला एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, बरोबर ११ वाजता बसव, आणि ती कुठल्या प्रश्नाला किती वाजता पोचली तेवढं मला कळव.

तुझी,
मंगल