सूचना : लस गोठण्याविषयीच्या वेबिनारमधील मुद्दे

सर्व सहकाऱ्यांस,

लसीकरण सत्रामुळे ज्यांना शीतसाखळीवरील वेबिनारला उपस्थित राहता आले नाही, त्यांनी पुढील सत्रापूर्वी हे वाचावे.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवताना आपण उष्णतेची काळजी घेतो. परंतु पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी व टीडी या लसी गोठल्यास निकामी होतात आणि व्हायलवरील व्हीव्हीएम केवळ उष्णतेची नोंद करत असल्याने ते चांगले दिसत राहते. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

• आईसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये भरू नयेत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवावेत.

• लस गोठल्याची शंका आल्यास त्याच उत्पादकाची, त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवावी, दोन्ही हलवून शेजारी ठेवाव्यात आणि संशयित व्हायलमधील साका गोठवलेल्या व्हायलइतक्याच किंवा अधिक वेगाने खाली बसल्यास ती वापरू नये. बर्फ प्रत्यक्ष दिसत असल्यास चाचणीची गरज नाही. ती व्हायल बाजूला काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

• आयएलआरमध्ये या लसी तळाशी न ठेवता टोपलीतच ठेवाव्यात.