‘कडून’चा मोह: संस्कृत कर्मणी मराठीत आणताना

प्रिय सुहास,

तुझा अनुवाद वाचला. अर्थ कुठेही चुकलेला नाही, पण दर दुसऱ्या ओळीत ‘कडून’ आणि ‘जाते’ येतं, ते कानाला खटकतं. तृतीया दिसली की ‘कडून’ लिहायचं, ही सवय आधी मोड. पाणिनीने कर्ता आणि करण या दोघांना एकाच सूत्रात (२.३.१८) तृतीया दिली आहे, त्यामुळे नुसत्या विभक्तीवरून काहीच ठरत नाही. क्रियापद बघावं लागतं.

ही तीन वाक्यं घे: वृद्धेन भयेन कम्पितम्। ततः तेन राज्ञे पत्रं लिखितम्। तत् पत्रं दूतेन नीयते।

पहिल्यात दोन तृतीया आहेत. ‘कोण?’ विचारलं की वृद्ध येतो, ‘कशामुळे?’ विचारलं की भय येतं. कापणं अकर्मक, म्हणून संस्कृतात भावे प्रयोग, क्रियापद नपुंसक एकवचनी. मराठीत मात्र असं अकर्मक क्रियापद सरळ कर्तरी चालतं: ‘म्हातारा भीतीने कापला.’ ‘म्हाताऱ्याने कापले’ लिहिलंस तर वाचणारा विचारेल, काय कापले?

दुसरं वाक्य सर्वांत सोपं. सकर्मक धातूचं ‘क्त’ रूप आणि मराठीचा भूतकाळ यांची ठेवण एकच: ‘मग त्याने राजाला पत्र लिहिले.’ ‘ने’ इथे आपलाच आहे, तो ठेव. फक्त लिंग मराठी शब्दाचं धर. ‘तेन शपथः कृतः’ मध्ये शपथ पुल्लिंगी आहे, मराठीत ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्याने शपथ घेतली’. आणि कर्माला ‘ला’ लागला की मेळ सुटतोच: ‘रामेण रावणः हतः’ म्हणजे ‘रामाने रावणाला मारले’.

तिसऱ्यात वर्तमानकाळ आहे, आणि तू घसरतोस ते इथेच. ‘दूताकडून पत्र नेले जाते’ हे सरकारी परिपत्रकात शोभेल. वर्तमानात मराठी कर्ता प्रथमेत घेते. पण ‘दूत ते पत्र नेतो’ म्हटलं तर पत्रावरचा भर हरवतो, कारण गोष्ट पत्राची चालली आहे. म्हणून कर्म पुढे आण: ‘ते पत्र दूत नेतो.’ संस्कृतात जे काम प्रयोग करतो, ते मराठीत बरेचदा नुसता शब्दक्रम करतो.

कर्ताच नसेल तेव्हा मात्र ‘जाते’ला माझी हरकत नाही. ‘कथ्यते’साठी ‘सांगितले जाते’ चालेल, तरी ‘सांगतात’ अधिक मोकळं. ‘मया न सह्यते’ला ‘माझ्याने सहन होत नाही’ चपखल बसतं. पण तोच ‘माझ्याने’ ‘मया न गम्यते’ला लावून ‘माझ्याने जाववत नाही’ करू नकोस. मुळात असमर्थता नाही, नुसतं ‘मी जात नाही’ आहे.

आणि ‘गतः’ला फसू नकोस. ‘रामः वनं गतः’ मध्ये ‘क्त’ असूनही कर्ता प्रथमेतच आहे. गत्यर्थक धातूंना ती सवलत आहे (३.४.७२). ‘राम वनात गेला’, बस्स.

पुढचं प्रकरण पाठवण्याआधी त्यातले सगळे ‘कडून’ अधोरेखित कर आणि प्रत्येकाचं क्रियापद तपास.

तुझा,
अनंत