कच्च्या मेसेजवर तू ओढलेल्या रेघांबद्दल आभार

प्रिय मैत्रिणीस,

कॉफीवर भेटलेल्या नव्या ओळखीच्या व्यक्तीला पाठवायचा मूळ मेसेज एका ओळीचा होता: ‘तुला भेटून छान वाटलं, परत कधीतरी नक्की भेटू या.’ त्यातल्या ‘कधीतरी’वर तू पहिली रेघ मारलीस, त्याबद्दल हे जाहीर आभार. त्या शब्दामुळे दिवस, वेळ, जागा शोधायचं सगळं काम समोरच्यावर पडतं. मग उत्तर येतं ‘हो, नक्की!’ आणि पुढे दोन्हीकडे शांतता.

तुझ्या दुरुस्त्यांनंतरचा मेसेज असा झाला:

‘कालच्या कॉफीबद्दल धन्यवाद. जुन्या नकाशांबद्दल तुम्ही सांगितलंत ते अजून डोक्यात घोळतंय. संग्रहालयात नकाशांचं दालन आहे. शनिवारी पाच वाजता येता का? तासाभरात बघून होईल. शनिवार अडचणीचा असेल तर रविवारी सकाळी अकराही चालेल. सध्या गडबड असेल तर तसं सांगा, काहीच हरकत नाही.’

गप्पांमधली एकच आठवण ठेवायची, हे तुझंच. चार आठवणी घातल्या की मेसेज भेटीचा वृत्तांत होतो. ‘तासाभरात’ हा शब्द तर सगळ्यात उपयोगी, कारण संपायची वेळ ठाऊक असली की नव्या ओळखीत हो म्हणणं सोपं जातं. गप्पा रंगल्याच तर पुढे बसता येतंच. पर्याय दोनच दिलेस. पाच दिले असते तर ते वेळापत्रक झालं असतं. तिकिटं आधी काढून ठेवायला तू नको म्हणालीस, तेही पटलं. पैसे गेलेले दिसले की समोरच्याला नाही म्हणायला जड जातं. सिनेमाही तू खोडलास, कारण तिथे दोन तास शेजारी बसूनही बोलणं होत नाही.

आणि ‘तुम्ही’! मूळ मेसेजमध्ये ‘तुला’ होतं. कॉफीवर अहो-जाहो चाललेलं असताना मेसेजमध्ये एकदम अरे-तुरे आलं तर वाचणारा तिथेच अडखळतो. ‘अहो, तू म्हणा की’ असं समोरून येईपर्यंत थांबायचं. (‘आपण’ घालून पळवाट काढण्याची सूचनाही तू हाणून पाडलीस, त्याने मेसेज निमंत्रणपत्रिकेसारखा दिसू लागला असता.)

उत्तर कसं वाचायचं, हेही तू सांगून ठेवलंस. ‘शनिवारी नाही जमणार, मंगळवारी चालेल?’ हा होकारच. नुसतं ‘बघू, कळवते’ आलं आणि दुसरा दिवस सुचवलेला नसेल, तर आठवडाभर गप्प राहायचं, मग एकदाच हलकेच विचारायचं आणि तिथे थांबायचं. दोन निळ्या खुणा दिसल्यावर तासाभरात नुसतं प्रश्नचिन्ह पाठवणं तर साफ बंद.

मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, तू सांगितलेल्या वेळेला.

तुझी आभारी,
एक मैत्रीण